विश्लेषण : ‘एआय’ने लिहिलेल्या परिच्छेदात आपल्या माणसाचा आवाज कसा आणायचा?

सेवापूर्तीचे भाषण, सोसायटीच्या सभेतले चार शब्द, एकसष्टीच्या कार्यक्रमातले मनोगत असा मजकूर आता अनेक घरांत मोबाइलवरच्या एआय ॲपकडून लिहून घेतला जातो. अर्ध्या मिनिटात परिच्छेद तयार होतो, व्याकरणही बहुधा ठीक असते. अडचण पुढे येते. ज्याच्या तोंडी तो मजकूर घालायचा, तो माणूस तसे कधी बोलतच नाही. समोर बसलेल्यांनी त्याला वर्षानुवर्षे ऐकलेले असते, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच त्यांच्या लक्षात येते की हे याचे बोलणे नाही. असा ताठर परिच्छेद हाताने दुरुस्त करून एका ठरावीक माणसाच्या आवाजात कसा आणायचा, कोणत्या क्रमाने काम करायचे आणि कुठे थांबायचे, याचा हा आढावा.

परिच्छेद ताठर का वाटतो?

एआय ॲप प्रचंड प्रमाणातल्या लिखित मजकुरावरून भाषा शिकते आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने वाक्य जुळवते. ‘निरोप समारंभ’ म्हटले की लिखित मराठीत त्याच्या आसपास ‘भावपूर्ण’, ‘असंख्य आठवणी’, ‘सदैव ऋणी’ हे शब्द वारंवार येतात, तेच उचलले जातात. शिवाय इंटरनेटवर असलेल्या मराठीत बातम्या, परिपत्रके आणि भाषांतरित मजकूर यांचा वाटा मोठा आहे. ओट्यावर बसून बोलली जाणारी मराठी तिथे फारशी उतरलेली नाही. म्हणून परिच्छेद चुकीचा नसतो, पण कुणाचाच नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातल्या माध्यमिक शाळेचे शिपाई ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत आहेत. समारंभात त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. पुण्यात राहणाऱ्या पुतण्याने काकांसाठी मोबाइलवर मजकूर तयार करून घेतला, तो असा :

‘आजच्या या भावपूर्ण प्रसंगी माझे मन असंख्य आठवणींनी भरून आले आहे. गेल्या ३१ वर्षांचा हा प्रवास म्हणजे केवळ नोकरी नव्हती, तर ती एक अविस्मरणीय साधना होती. या प्रवासात मला शिक्षकांचे मार्गदर्शन, विद्यार्थ्यांचे प्रेम आणि सहकाऱ्यांची साथ लाभली. शाळेची घंटा वाजवताना मला नेहमीच जाणवत असे की, मी केवळ घंटा वाजवत नसून अनेक पिढ्यांच्या भविष्याला आकार देण्यात खारीचा वाटा उचलत आहे. आपण सर्वांनी दिलेल्या या प्रेमाबद्दल मी आपला सदैव ऋणी राहीन.’

यातले ‘घंटा’, ‘शिक्षक’, ‘विद्यार्थी’ असे शाळेचे शब्द काढले, तर हेच भाषण बँकेच्या व्यवस्थापकाला, तलाठ्याला किंवा डॉक्टरलाही चालेल. दुरुस्तीची सुरुवात याच कसोटीपासून करायची. प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून पाहायचे. ते तिथेही बसले, तर ते या माणसाचे नाही. वरच्या पाच वाक्यांपैकी एकही या कसोटीवर टिकत नाही.

शब्द बदलले की काम होत नाही का?

नाही. बहुतेकांची पहिली दुरुस्ती इथेच फसते. पुतण्यानेही आधी तेच केले. जड शब्द काढून गावाकडचे शब्द पेरले : ‘आज माझं मन लई भरून आलंय. एकतीस वर्षांचा ह्यो प्रवास म्हंजी नुसती नोकरी नव्हती, तर साधना व्हती बगा.’

यात दोन दोष आहेत. पहिला असा की, कपडे बदलले तरी सांगाडा यंत्राचाच राहिला. ‘केवळ हे नव्हे, तर ते’ ही मांडणी, तीन गोष्टींची ओळ, शेवटी तात्पर्य, हे सगळे जसेच्या तसे आहे. दुसरा दोष जास्त बोचणारा आहे. काका ‘ह्यो’ म्हणत नाहीत, ‘बगा’ही म्हणत नाहीत. ही बोली पुतण्याने नाटक-सिनेमातून उचलली. ज्याच्यासाठी लिहायचे त्याचीच नक्कल केल्यासारखे ते वाटते आणि भरल्या सभेत तो माणूस विनोदाचा विषय होऊ शकतो. आवाज आणणे आणि बोली पेरणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सुरुवात कुठून करायची?

मजकुरापासून नाही, माणसापासून. त्याच्या बोलण्याचा खरा नमुना हातात असल्याशिवाय दुरुस्तीला बसू नये. त्यासाठी त्याला सांगून, त्याच्या परवानगीने दहा-पंधरा मिनिटांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करावे. जुन्या व्हॉइस नोट असतील तर त्याही चालतात.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर इथे बरेच अवलंबून असते. ‘काका, एकतीस वर्षांबद्दल काय वाटतं?’ असे विचारले की माणूसही भाषणाच्या भाषेत शिरतो आणि ‘फार छान वाटतं, सगळ्यांचं सहकार्य मिळालं’ असे सांगून मोकळा होतो. त्याऐवजी ‘सकाळी शाळेत गेल्यावर पहिलं काय करायचात?’ आणि ‘घंटेवरून कधी काही भानगड झाली का?’ असे विचारले, की गोष्ट बाहेर येते.

रेकॉर्डिंग झाल्यावर त्यातली सर्वांत मोकळी दोन-तीन मिनिटे निवडून शब्दन् शब्द हाताने उतरवायची. सगळे उतरवायला बसले तर तासभर सहज जातो आणि त्याची गरजही नसते. बोललेले आपोआप टाइप करून देणारी सोय इथे टाळावी, कारण ती अनेकदा बोली रूपे गिळून प्रमाण रूपे लिहिते. काका ‘म्हणले’ म्हणाले, तरी स्क्रीनवर ‘म्हणाले’ उमटू शकते. नेमका तोच बारकावा आपल्याला हवा असतो. उतरवताना वाक्य सुधारायचे नाही, अर्धवट राहिलेले पूर्ण करायचे नाही.

काकांच्या रेकॉर्डिंगमधला उतारा असा :

‘सकाळी साडेसहाला यायचो मी. कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, टाकीत पाणी चढवायचं. मग पोरं यायची. घंटा म्हणजे काय, रुळाचा तुकडा तो. आवाज पार ओढ्यापर्यंत जायचा. एकदा काय झालं, वार्षिक परीक्षा चालू होती. हेडसरांच्या घड्याळात दोन वाजले. सर म्हणले, दे घंटा. माझ्या घड्याळात पाच कमी होते. नाही दिली मी. मी म्हणलं, सर, पोरांची पाच मिनिटं जातील की. सर बघतच राहिले. मग रेडिओ लावला ऑफिसातला. माझंच घड्याळ बरोबर निघालं.’

या उताऱ्यात नेमके काय पाहायचे?

आधी वाक्याची लांबी. यंत्राच्या परिच्छेदात ५ वाक्यांत ६९ शब्द आहेत, म्हणजे एका वाक्याला सरासरी १४ शब्द. काकांच्या उताऱ्यात जवळपास तेवढेच, ६६ शब्द आहेत, पण वाक्ये १४ आहेत. सरासरी पाच शब्दांचीही भरत नाही. हा फरक कागदावर बोट ठेवून मोजता येतो. वाक्याच्या लांबीत माणसाचा श्वास असतो. पाच शब्दांनंतर थांबणाऱ्याला २२ शब्दांचे वाक्य वाचायला दिले, तर तो मध्येच अडखळणारच.

दुसरी गोष्ट शब्दांचा क्रम. ‘मी सकाळी साडेसहाला येत असे’ हा पुस्तकी क्रम झाला. काका म्हणतात, ‘साडेसहाला यायचो मी’. ‘नाही दिली मी’, ‘रेडिओ लावला ऑफिसातला’, ‘रुळाचा तुकडा तो’ यांतही तेच दिसते. मुद्द्याची गोष्ट आधी, बाकीचे मागून. मराठीत विभक्ती आणि क्रियापदाची रूपे अर्थ सांभाळत असल्याने अशी उलथापालथ सहज चालते. मात्र कोण कोणता शब्द मागे ठेवतो, ही ज्याची त्याची सवय असते.

तिसरी गोष्ट छोटे शब्द. ‘मग’ दोनदा आले आहे. वाक्याच्या शेवटी ‘की’ एकदाच आहे. ‘बघतच’, ‘माझंच’ यांत ‘च’ दोनदा आहे. गोष्ट सुरू करताना काका स्वतःच प्रश्न टाकतात : ‘घंटा म्हणजे काय’, ‘एकदा काय झालं’. या नोंदी क्षुल्लक वाटतात, पण लेखकाची ओळख अनेकदा अशाच शब्दांतून पटते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख प्रसिद्ध झाले. ‘फेडरलिस्ट पेपर्स’ म्हणून ते ओळखले जातात. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे त्यांचे लेखक. पण त्यातले १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद बराच काळ चालला. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या विचारांकडे नव्हे, तर अगदी साध्या शब्दांकडे पाहिले. हॅमिल्टन ‘अपॉन’ हा शब्द वारंवार वापरत असे, मॅडिसन क्वचित. अशा बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दांच्या मोजणीवरून त्यांनी ते वादातले लेख मॅडिसनचे असल्याचा निष्कर्ष काढला. विषय बदलला की मोठे शब्द बदलतात. ‘मग’, ‘की’, ‘तर’ यांसारखे शब्द मात्र माणसाच्या जिभेवर तसेच राहतात.

चौथी गोष्ट म्हणजे काय नाही. काकांच्या १४ वाक्यांत भावना सांगणारा एकही शब्द नाही. ‘आनंद’, ‘अभिमान’, ‘प्रेम’ यांपैकी काही नाही. ‘आहे’वर संपणारे वाक्य नाही. ‘आपण’ नाही, ‘तसेच’ नाही, ‘असून’ नाही. ही ‘नाही’ची यादी मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी. दुरुस्ती करताना आपल्याच हातून नेमके हेच शब्द परत शिरतात.

यंत्राच्या परिच्छेदाचे मग करायचे काय?

तो फेकून द्यायची गरज नाही, पण त्यातले शब्दही ठेवायचे नाहीत. त्यातले प्रत्येक वाक्य हा एक प्रश्न समजायचा आणि तो त्या माणसाला विचारायचा. यंत्राला काय सांगायला हवे, याचा साचा ठाऊक असतो. कोणी, कधी, काय केले हे ठाऊक नसते. म्हणून साचा त्याचा घ्यायचा आणि उत्तर माणसाचे.

‘शिक्षकांचे मार्गदर्शन लाभले’ या वाक्याचा प्रश्न झाला : ‘काका, एखाद्या सरांनी तुमच्यासाठी काही केलं असं आठवतं का?’ काकांनी घड्याळाचीच गोष्ट पुढे नेली : ‘नवीन होतो मी तेव्हा. दुसरं कोण असतं तर घरी पाठवलं असतं. पण रागावले नाहीत सर.’ घंटेच्या गोष्टीतला खरा धोका इथे पहिल्यांदा कळला. नोकरीला नुकत्याच लागलेल्या शिपायाने मुख्याध्यापकांना भर परीक्षेत नकार दिला होता, आणि तो त्यांनी ऐकून घेतला होता. ‘मार्गदर्शन’ या शब्दाखाली हे सगळे गाडले गेले असते.

‘सहकाऱ्यांची साथ’ याचा प्रश्न झाला : ‘कुणाचं नाव घ्यायचं राहिलं तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल?’ उत्तर आले : ‘खिचडीच्या मावशी. रोज माझा चहा झाकून ठेवला त्यांनी. एक दिवस चुकला नाही.’

‘सदैव ऋणी राहीन’ याचा प्रश्न : ‘आभार मानायचे तर काय म्हणाल?’ काका म्हणाले, ‘आभार काय मानायचे त्यात? विसरणार नाही मी.’ शेवटचे वाक्य मिळाले.

‘साधना’ आणि ‘भविष्याला आकार’ या दोन वाक्यांवर काकांकडे काहीच उत्तर नव्हते. ज्या वाक्याला उत्तर नाही, ते वाक्य काढून टाकायचे. तिथे आपण काहीतरी सुंदर सुचवून भरायचे नाही. पुतण्याने तसा एक प्रयत्न केला होता. ‘रुळाचा तुकडा तो’ याच्या पुढे त्याने ‘पण त्या तुकड्यावर शाळा चालायची’ असे जोडले होते. वाक्य वाईट नव्हते. काकांनी ते वाचून विचारले, ‘असं मी कुठं म्हणलो?’ वाक्य गेले. चांगले वाक्य हा इथे निकष नाही, ते त्या माणसाचे आहे का हा निकष आहे.

दुरुस्त परिच्छेद कसा दिसतो?

सगळे जुळवल्यावर मजकूर असा झाला :

‘एकतीस वर्षं झाली. सकाळी साडेसहाला यायचो मी. कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, टाकीत पाणी चढवायचं. मग पोरं यायची. एकदा काय झालं, वार्षिक परीक्षा चालू होती. हेडसरांच्या घड्याळात दोन वाजले. सर म्हणले, दे घंटा. माझ्या घड्याळात पाच कमी होते. नाही दिली मी. मी म्हणलं, सर, पोरांची पाच मिनिटं जातील की. सर बघतच राहिले. मग रेडिओ लावला ऑफिसातला. माझंच घड्याळ बरोबर निघालं. नवीन होतो मी तेव्हा. पण रागावले नाहीत सर. आणि मावशींनी रोज माझा चहा झाकून ठेवला. एक दिवस चुकला नाही. हे विसरणार नाही मी.’

एकूण ८२ शब्द, १८ वाक्ये. सरासरी पुन्हा साडेचार शब्दांच्या आसपास आली, म्हणजे काकांच्या मूळ बोलण्याएवढीच. यंत्राच्या परिच्छेदातले एकही वाक्य उरले नाही, पण त्याचा साचा दिसतो : वर्षे, काम, शिक्षक, सहकारी, निरोप.

काय वगळले हेही पाहण्यासारखे आहे. रुळाचा तुकडा आणि ओढ्यापर्यंत जाणारा आवाज ही उताऱ्यातली चित्रदर्शी वाक्ये होती. ती काढली, कारण समोर बसलेल्या सगळ्यांनी ती घंटा पाहिली आहे, ऐकली आहे. पुण्याच्या पुतण्याला काकांनी ती समजावून सांगितली होती. शाळेतल्या माणसांना ते कशाला समजावतील? माणूस एकच असला तरी ऐकणारा बदलला की तो वेगळे बोलतो. रेकॉर्डिंग एका श्रोत्यासमोरचे आणि भाषण दुसऱ्या श्रोत्यांसमोरचे असेल, तर हा फरक हाताने भरून काढावा लागतो.

दुसरे म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगमधले ‘दुसरं कोण असतं तर घरी पाठवलं असतं’ हे वाक्यही काढले. ते काकांचेच होते, पण सभेत इतर मुख्याध्यापकही बसणार होते. घरात बोललेले प्रत्येक वाक्य सभेत बोलायचे नसते, आणि तो निर्णय काकांचा होता.

लिहिताना कोणती काळजी घ्यायची?

बोलण्यासाठीचा मजकूर बोलण्याच्या रूपांत लिहावा. ‘केले’, ‘झाले’, ‘माझे’ असे लिहिले की वाचणारा नकळत धडा वाचल्यासारखा वाचू लागतो. ‘केलं’, ‘झालं’, ‘माझं’ ही रूपे अशुद्ध नाहीत. बोलणे लिहून दाखवताना अनुस्वाराची ही रूपे मराठी लेखनाच्या प्रचलित नियमांनाही मान्य आहेत. आकडाही अक्षरांत लिहावा, कारण ‘३१’ पाहून वाचणारा क्षणभर थांबतो, ‘एकतीस’ पाहून थांबत नाही.

मोबाइलचा कीबोर्ड हा इथला छुपा शत्रू आहे. तो ‘म्हणलं’चे ‘म्हटलं’ आणि ‘म्हणले’चे ‘म्हणाले’ करून टाकू शकतो. त्यामुळे शेवटी हाताने लिहिलेल्या उताऱ्याशी मजकूर शब्दशः ताडून पाहावा.

लकबींचे प्रमाण मोजून ठेवावे. काकांच्या ६६ शब्दांत वाक्याच्या शेवटी ‘की’ एकदाच येते. दुरुस्त मजकुरातही ते एकदाच आहे. ‘हे काकांचं खास आहे’ म्हणून ते चार वाक्यांत घातले असते, तर ती नक्कल झाली असती. आपल्या लकबी आपल्याला ऐकू येत नाहीत. त्या दाट करून समोर ठेवल्या की माणूस दुखावतो. म्हणून मूळ बोलण्यात जेवढे, तेवढेच किंवा किंचित कमी.

बोली किती ठेवायची, हेही त्या माणसालाच विचारावे. ‘म्हणले’ ठेवायचे की ‘म्हणाले’ करायचे? काही जण घरी बोली बोलतात आणि चारचौघांत प्रमाण मराठी बोलतात. ती त्यांची दुसरी, पण तितकीच खरी भाषा असते. अशा माणसाचे भाषण हवे असेल, तर नमुनाही त्याच्या चारचौघांतल्या बोलण्याचा घ्यायला हवा.

जमले की नाही, कसे ओळखायचे?

पहिली परीक्षा तोंडाची. मजकूर त्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावा आणि आपण दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल घेऊन बसावे. तो जिथे अडखळतो तिथे खूण करावी. जिथे लिहिलेल्यापेक्षा वेगळे बोलतो तिथे त्याचे शब्द लिहून घ्यावेत. काकांच्या मजकुरात पुतण्याने आधी ‘त्या वेळी मी नवीन होतो’ असे लिहिले होते. काकांनी कागदाकडे बघूनही ‘नवीन होतो मी तेव्हा’ असेच वाचले. अशा ठिकाणी कागद चुकलेला असतो, माणूस नाही. दोन-तीन वाचनांनंतर खुणा थांबल्या, की मजकूर बसला.

दुसरी परीक्षा कानाची. घरातल्या एखाद्या जवळच्या माणसाला मजकूर वाचून दाखवावा. ‘छान झालंय का?’ असे विचारू नये, उत्तर नेहमी ‘छान’ असेच येते. ‘यातला कोणता शब्द त्यांचा नाही?’ असे विचारावे. काकूंनी ३० वर्षे ऐकलेले असते. त्या एका सेकंदात बोट ठेवतात.

सभेपूर्वी मजकूर पाठ करायचा आग्रह धरू नये. मजकूर खरोखर त्या माणसाचा असेल, तर कागदावर ‘साडेसहा, परीक्षा, घड्याळ, सर, मावशी’ एवढे पाच शब्द पुरतात. त्या पाच शब्दांवरून तो सगळे सांगू शकत नसेल, तर मजकुरात अजून दुसऱ्या कुणाचे काहीतरी शिल्लक आहे.

ही पद्धत कुठे चालत नाही?

जिथे माणसाला विचारता येत नाही, तिथे ती चालत नाही. दिवंगत व्यक्तीच्या जुन्या व्हॉइस नोटवरून तिच्या नावाने नवे मनोगत तयार करणे तंत्राने जमेलही. पण ‘असं मी कुठं म्हणलो?’ असे विचारणारा माणूसच तिथे नसतो. अशा वेळी तिच्याविषयी आपल्या आवाजात लिहावे, तिच्या आवाजात नाही. जिवंत माणसाच्या बाबतीतही त्याच्या संमतीशिवाय त्याच्या आवाजात मजकूर तयार करणे म्हणजे त्याच्या नावावर खोटी सही करण्यासारखेच आहे.

अर्ज, तक्रार, बँकेचे पत्र यांना या खटाटोपाची गरज नाही. तिथे आवाज नको, मुद्दे आणि तारखा हव्यात.

आणि वेळेचा हिशेब. ८२ शब्दांच्या या परिच्छेदासाठी दोन रेकॉर्डिंग, हाताने उतरवणे, जुळवणी आणि दोन-तीन वाचने मिळून निवांत अर्धा दिवस जातो. यंत्राने वाचवलेला वेळ इथे पुन्हा खर्च होतो. त्यातला बराचसा वेळ त्या माणसाला प्रश्न विचारण्यात आणि ऐकण्यात जातो. ती अर्ध्या दिवसाची सवड नसेल, तर सोपा मार्ग असा : मजकूर तयार करून देण्याऐवजी पाच प्रश्न कागदावर लिहून द्यावेत आणि उत्तरे त्या माणसाला माइकसमोर स्वतःच देऊ द्यावीत.